लॅपटॉप चार्जरवर असताना रेकॉर्डिंगमध्ये भणभण का येते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भजनी मंडळांचे अभंग, कीर्तनं, भारुडं, गावाकडच्या बातम्यांचे पॉडकास्ट असं बरंच काही आता मराठवाड्यात घरच्या खोलीतच रेकॉर्ड होतं. साधारण सगळीकडे मांडणी सारखी असते: एक लॅपटॉप, दोन चॅनेलचा ऑडिओ इंटरफेस, एखाद-दोन माईक, कधी कीबोर्ड, कधी मंडळाचा जुना मिक्सर. आणि तक्रारही सारखीच असते, की चार्जर लावला की मागे भणभण सुरू होते. लातूर, परभणी, बीड, नांदेडकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. एक गोष्ट आधीच लक्षात ठेवा. या भणभणीची मुख्य कारणं दोन आहेत. पहिलं, अर्थिंग नसणं. दुसरं, अर्थिंग दोन वाटांनी येणं. दोन्हींचे उपाय एकमेकांच्या उलट आहेत, म्हणून आधी कारण ओळखा आणि मगच हात घाला.

१. चार्जर काढला की आवाज स्वच्छ, लावला की भणभण. म्हणजे चार्जर खराब आहे का?

बहुतेक वेळा चार्जर चांगलाच असतो. लॅपटॉपचा चार्जर २३० व्होल्टची लाईट आत घेऊन ती फार वेगाने चालू-बंद करतो आणि त्यातून १९ किंवा २० व्होल्ट डीसी बनवतो. या चालू-बंदमुळे निघणारा कचरा परत लाईनवर जाऊ नये म्हणून आत छोटे कपॅसिटर बसवलेले असतात. त्यांना वाय कपॅसिटर म्हणतात. ते मुद्दाम बसवलेले असतात आणि त्यांच्यातून अगदी थोडा करंट सतत झिरपतो. २.२ नॅनोफॅरडचा कपॅसिटर धरला, तर २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झवर हा करंट साधारण ०.१६ मिलिअँपिअर होतो.

हा झिरपा अर्थिंगच्या वायरने जमिनीत जाणं अपेक्षित आहे. ती वाट नसेल, तर लॅपटॉपची सगळी बॉडी जमिनीच्या मानाने सुमारे निम्म्या व्होल्टेजवर, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास तरंगत राहते. मग तोच करंट दुसरी वाट शोधतो: यूएसबी केबल, तिथून इंटरफेस, तिथून माईकच्या केबलची जाळी, आणि शेवटी माईक हातात धरलेला गायक. केबलच्या जाळीतून हा करंट गेला की तो आवाजात मिसळतो. चार्जर बदलूनही भणभण तशीच राहते असं अनेक जण सांगतात, त्याचं कारण हेच आहे.

२. भणभण चार्जरच्याच वाटेने येते, याची खात्री कशी करायची?

कानावर विसंबू नका, मोजा. माईक आणि गेन ज्या जागी ठेवून तुम्ही गाता, तसेच ठेवा. खोलीत कुणी बोलायचं नाही. अर्धा मिनिट चार्जर लावून शांतता रेकॉर्ड करा. मग कशालाही हात न लावता फक्त चार्जरची पिन लॅपटॉपमधून काढा आणि पुन्हा अर्धा मिनिट घ्या. दोन्ही तुकड्यांचा मीटर किती डेसिबल दाखवतो ते लिहून ठेवा. चार्जर काढल्यावर आकडा १० डेसिबल किंवा त्याहून जास्त खाली गेला, तर वाट चार्जरचीच आहे.

ऑडॅसिटी वापरत असाल तर तो तुकडा निवडून `Analyze` मध्ये `Plot Spectrum` उघडा आणि `Size` १६३८४ ठेवा. ५०, १००, १५०, २०० असे ५० च्या पाढ्यात सुळके दिसले, तर ती लाईटची भणभण आहे. सुळके १००० हर्ट्झच्या पटीत असतील, तर प्रकरण वेगळं आहे. त्यासाठी प्रश्न १४ पाहा.

बॅटरीवर चालवूनही भणभण तेवढीच राहिली, तर चार्जरला सोडा. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, मंद करता येणारे दिवे, स्वस्तातले एलईडी बल्ब हे एकेक करून बंद करा, आणि माईकची केबल एक्स्टेंशन बोर्डाच्या वायरीला चिकटून जात असेल तर तिला हातभर लांब घ्या. बॅटरीवर टिकणारी भणभण याच मंडळींची असते.

३. माझ्या लॅपटॉपची बॅटरीच गेली आहे. चार्जर काढला की बंद पडतो. मग ही चाचणी कशी करू?

लॅपटॉप यूएसबी-सीवर चार्ज होत असेल, तर पुरेशा वॅटची पॉवर बँक लावून अर्धा मिनिट रेकॉर्ड करा. पॉवर बँक भिंतीला जोडलेली नको. तेही नसेल तर इंटरफेस ओटीजी केबलने मोबाईलला जोडा. बरेच साधे इंटरफेस मोबाईलवर चालतात, पण फॅन्टम पॉवर लागणारा माईक असेल तर मोबाईल तेवढी वीज पुरवेलच असं नाही. तेव्हा चाचणीपुरता डायनॅमिक माईक लावा.

४. अर्थिंग नाही की अर्थिंगच्या दोन वाटा आहेत, हे कसं ओळखायचं?

सगळ्या पाहणीतला हा सर्वात महत्त्वाचा टप्पा आहे, आणि त्याला एकही यंत्र लागत नाही.

लॅपटॉप, इंटरफेस आणि एक माईक एवढंच ठेवा. कीबोर्ड, मिक्सर, स्पीकर, टीव्हीची एचडीएमआय केबल, इंटरनेटची केबल, स्वतःचा अ‍ॅडॉप्टर असलेली हार्ड डिस्क, सगळं काढा. नुसतं स्विच बंद करून भागत नाही, केबलच काढायची. आता चार्जर लावा आणि हेडफोनमध्ये ऐका.

एवढ्यावरही भणभण असेल, तर लॅपटॉपच्या किंवा इंटरफेसच्या धातूच्या भागाला तळहात टेकवा. हात लावताच आवाज बदलला, कमी झाला किंवा वाढला, तर अर्थिंग नाही. तुमचं शरीरच त्या झिरप्याला वाट देतंय. या प्रकारचा आवाज ऐकायला किरकिरा असतो, भर्रर्र असा, वरच्या पट्टीपर्यंत पसरलेला.

एवढ्यावर शांतता असेल, आणि काढलेल्या वस्तू एकेक परत जोडताना एखाद्या वस्तूला हम्म सुरू होत असेल, तर ती अर्थिंगची दुहेरी वाट आहे. ग्राउंड लूप म्हणतात तो हाच. हा आवाज जाड, सलग, तंबोऱ्याच्या खर्जासारखा असतो, आणि हात लावल्याने त्यात फरक पडत नाही. त्याचा उपाय प्रश्न ११ मध्ये आहे.

५. लॅपटॉपच्या बॉडीला हात लावला की झिणझिण्या येतात आणि टेस्टरही पेटतो. धोका आहे का?

ती झिणझिण प्रश्न १ मधल्या झिरप्याचीच आहे. टेस्टर पेटायला फारच थोडा करंट पुरतो, त्यामुळे तो पेटला म्हणजे बॉडीत फेज उतरली असं लगेच म्हणता येत नाही. पण टेस्टर हा फरक दाखवू शकत नाही, आणि खरोखर चार्जर आतून फुटला असेल तरी तो तसाच पेटेल. म्हणून झिणझिण ही लॅपटॉपपर्यंत अर्थिंग पोहोचत नसल्याची सूचना समजा आणि ते तपासून घ्या. झिणझिण्यांऐवजी झटका बसत असेल, तर तो चार्जर त्याच क्षणी काढून ठेवा. माईक ओठांना लागलेला आणि दुसरा हात अर्थिंग असलेल्या अँपवर, अशी अवस्था गायकाची सहज होते. तिथे थोडीशी झिणझिणही दचकवून टाकते.

६. बोर्डात तीन भोकांचं सॉकेट आहे. म्हणजे अर्थिंग असणारच ना?

भोक असणं आणि त्याच्या मागे वायर असणं यात फरक आहे. जुन्या वायरिंगमध्ये वरच्या मोठ्या भोकाला मागे काहीच जोडलेलं नसतं, असं सर्रास आढळतं. त्याहून जास्त वेळा दगा देतो तो एक्स्टेंशन बोर्ड. वर तीन भोकांची सॉकेटं, पण वायर दोनच तारांची आणि टोकाला दोन पिनी प्लग. असा बोर्ड लावला की घरातलं उत्तम अर्थिंगही लॅपटॉपपर्यंत पोहोचत नाही. आधी तुमच्या बोर्डाचा प्लग उलटा करून पिना मोजा.

पुढची तपासणी मल्टिमीटरने. सवय नसेल तर वायरमनला बोलवा, कारण हे चालू लाईनवर करायचं असतं. मीटर एसी ७५० व्होल्टच्या रेंजवर ठेवून तीन मापं घ्यायची. फेज ते न्यूट्रल २३० च्या आसपास यायला हवं. फेज ते अर्थिंग जवळपास तेवढंच यायला हवं. न्यूट्रल ते अर्थिंग एक-दोन, फार तर चार-पाच व्होल्ट.

चार्जर त्याच बोर्डावर लावलेला असताना फेज ते अर्थिंग आणि न्यूट्रल ते अर्थिंग दोन्ही ११० ते १२० च्या आसपास आले, तर अर्थिंग कुठेतरी तुटलेलं आहे. वाय कपॅसिटर त्या मोकळ्या तारेला मधोमध ओढून धरतात, म्हणून असं निम्मं-निम्मं दिसतं. हे माप घराच्या भिंतीतल्या सॉकेटवर आणि एक्स्टेंशन बोर्डावर असं दोन्हीकडे घ्या. भिंतीत ठीक आणि बोर्डावर निम्मं आलं, तर दोष बोर्डाचा.

७. वायरमन म्हणतो, "अर्थिंग नाही ना, मग न्यूट्रललाच जंपर मारून देतो." चालेल का?

मुळीच नाही. भणभण जाईल, मीटरही सुंदर आकडे दाखवेल, आणि म्हणूनच हा जुगाड फसवा आहे. उद्या त्या बोर्डामागे न्यूट्रल सैल झाली किंवा तुटली, तर त्या न्यूट्रलवरची फेज उपकरणातून फिरून थेट अर्थिंगच्या पिनेवर येते. म्हणजे लॅपटॉपची, मिक्सरची, माईकची बॉडी २३० व्होल्टवर, आणि तेव्हा मागे झिरपा नसतो, अख्खी लाईन असते.

असा जंपर आधीच कुणी मारून ठेवलाय का, हे ओळखता येतं. त्या बोर्डावर इस्त्री चालू करा आणि न्यूट्रल ते अर्थिंग मोजा. इस्त्रीच्या लोडमुळे न्यूट्रलच्या वायरीत थोडं व्होल्टेज पडतं, त्यामुळे आकडा थोडा वाढायला हवा. इस्त्री चालू असतानाही तो शून्यालाच चिकटून राहिला, तर बोर्ड उघडून बघायला सांगा.

पाण्याचा नळ आणि बोअरची केसिंगही अर्थिंगसाठी वापरू नका. नळाच्या लाईनीत मधे पीव्हीसी पाईपचा तुकडा असतो, आणि त्याच नळावर घरातलं दुसरं माणूस पाणी भरत असतं.

८. आमच्या अर्थिंगला पावसाळ्यात काही त्रास नाही, एप्रिल-मेमध्ये मात्र भणभण येते. असं होतं का?

होऊ शकतं. आपली काळी माती ओली असताना अर्थिंगसाठी चांगली असते, पण उन्हाळ्यात ती आकसते, भेगाळते आणि पाईपपासून सुटते. मग खड्ड्याचा रोध वाढतो. कोळसा-मिठाचा जुना खड्डा असेल तर उन्हाळ्यात त्यात नियमित पाणी घालावं लागतं, आणि पाईपाला तार जिथे जोडली आहे तिथला गंजही बघावा लागतो. बऱ्याचदा माती बिचारी ठीक असते आणि क्लॅम्पच गंजून सैल झालेला असतो.

पण इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. भणभण घालवायला फार चांगलं अर्थिंग लागतच नाही. खड्ड्याचा रोध १०० ओहम झाला तरी आपला ०.२ मिलिअँपिअरचा झिरपा त्यावर फक्त ०.०२ व्होल्ट उभे करतो. म्हणजे ११५ व्होल्टवर तरंगणारा लॅपटॉप जमिनीवर येतो. तेच १०० ओहम सुरक्षेसाठी मात्र कुचकामी आहेत. कुठे फेज बॉडीला लागली तर २३० भागिले १००, म्हणजे २.३ अँपिअरच वाहतील, आणि ६ अँपिअरची एमसीबी पडणारच नाही.

म्हणून भणभण गेली यावरून अर्थिंग सुरक्षित आहे असा निष्कर्ष काढू नका. उलट मात्र काढता येतो. उन्हाळ्यात भणभण परत आली, तर वाट जवळजवळ पूर्ण तुटली आहे, नुसती कमजोर झालेली नाही. तार, क्लॅम्प, मीटरजवळचा जोड, हे सगळं तपासा. आणि मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी नसेल तर तो बसवून घ्या, कारण आपल्याकडच्या कोरड्या मातीत कमजोर अर्थिंगवरही तो आपलं काम करतो.

९. माझा चार्जर दोन पिनीच आहे. अर्थिंग चांगलं असूनही भणभण येते. आता?

दोन पिनी चार्जरला अर्थिंगची वाटच नसते, त्यामुळे घरातलं अर्थिंग त्याच्या उपयोगाचं नाही. शक्य असेल तर त्याच लॅपटॉपसाठी कंपनीचा तीन पिनी चार्जर घ्या. घेण्याआधी तिसरी पिन खरी आहे ना ते बघा, कारण काहींची ती पिन प्लास्टिकची असते, नुसती सॉकेटचं झाकण उघडायला. धातूची असेल तरी चार्जर भिंतीतून काढून, मल्टिमीटरने ती पिन आणि आउटपुट पिनेची बाहेरची कडी यांच्यात रोध मोजा. काही चार्जरमध्ये दोन्ही थेट जोडलेले असतात, काहींत मधे रेझिस्टर असतो, दोन्ही चालतात. मीटरने अजिबात काही दाखवलं नाही, तर ती पिन आत लॅपटॉपपर्यंत पोहोचत नाही.

दुसरा मार्ग म्हणजे अर्थिंग दुसऱ्या बाजूने देणं. तुमच्या इंटरफेसला तीन पिनी प्लग असलेला पॉवर्ड स्पीकर किंवा मिक्सर जोडलेला असेल, तर त्याच्या केबलच्या जाळीतून इंटरफेसला आपोआप अर्थिंग मिळतं. दोन पिनी चार्जर असताना एकच अर्थिंग असलेली वस्तू जोडलेली असेल तर लूपही तयार होत नाही, ही जमेची बाजू. दोन्ही टोकांना बॅलन्स्ड जोडणी असेल तर तो झिरपा त्या केबलच्या जाळीतून जातो आणि आवाजात फारसा उतरत नाही.

१०. आमच्या मंडळाचे माईक मोठ्या जॅकच्या केबलचे आहेत. त्याचा संबंध आहे का?

खूप मोठा संबंध आहे. स्टेजच्या स्वस्त माईकबरोबर जी केबल येते तिच्या एका टोकाला माईकची तीन पिनी एक्सएलआर असते आणि दुसऱ्या टोकाला मोनो जॅक. या केबलमध्ये आवाजाची परतीची वाट आणि जाळी एकच असते. त्यामुळे जाळीतून गेलेला झिरप्याचा करंट सरळ आवाजात बेरीज होतो.

आकडे बघा. जाळीचा आणि जोडांचा मिळून रोध ०.२ ओहम धरला आणि झिरपा ०.२ मिलिअँपिअर, तर ४० मायक्रोव्होल्ट भणभण तयार होते. माईकमधून येणारा गाण्याचा आवाज साधारण २ मिलिव्होल्ट धरला, तर भणभण त्याच्या एक-पन्नासांश झाली, म्हणजे फक्त ३४ डेसिबल खाली. दोन ओळींच्या मधल्या शांततेत ती स्वच्छ ऐकू येते.

शिवाय बहुतेक इंटरफेसमध्ये मोनो जॅक लावला की आवाज माईकच्या प्री-अँपकडे न जाता लाईन किंवा गिटारच्या इनपुटकडे जातो. आवाज बारीक येतो, माणूस गेन शेवटपर्यंत फिरवतो, आणि कचराही तेवढाच वर येतो. दोन्ही टोकांना एक्सएलआर असलेली केबल घ्या. माईक तोच राहू द्या. सगळ्या यादीत एवढ्या कमी खर्चात एवढा फरक पाडणारा दुसरा उपाय मला माहीत नाही.

११. अर्थिंग नीट करून घेतलं, किरकिर गेली. पण मंडळाचा मिक्सर जोडला की आता जाड हम्म येतो. हे काय नवीन?

आता अर्थिंग दोन वाटांनी येतंय. लॅपटॉप चार्जरमधून जमिनीशी जोडलेला, मिक्सर त्याच्या स्वतःच्या प्लगमधून जोडलेला, आणि दोघांमध्ये तुमची ऑडिओ केबल. दोन खोल्यांतल्या अर्थिंगमध्ये थोडा तरी फरक असतोच. त्या फरकाने केबलच्या जाळीतून ५० हर्ट्झचा करंट फिरत राहतो.

पहिला उपाय फुकट आहे: दोघांचे प्लग एकाच चांगल्या, तीन तारांच्या बोर्डावर लावा. बऱ्याच घरांत एवढ्यावर काम होतं. दुसरा, मिक्सरला बॅलन्स्ड आउटपुट असेल तर त्यातूनच घ्या. तिसरा, दोघांच्या मधे लाईन लेव्हलचा एकास-एक ऑडिओ ट्रान्सफॉर्मर लावा. बाजारात तो ग्राउंड लूप आयसोलेटर या नावाने मिळतो. ट्रान्सफॉर्मरमध्ये आवाज चुंबकातून पलीकडे जातो आणि तारेची जोडणी तुटते, त्यामुळे लूपच राहत नाही. अगदी स्वस्त ट्रान्सफॉर्मर खर्ज खातात. पखवाज किंवा ढोलकी रेकॉर्ड करत असाल तर घेण्याआधी ऐकून बघा. कीबोर्डसाठी हेच काम डीआय बॉक्स करतो, त्यावरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबायचं.

आणि मिक्सर, स्पीकर यांच्यातच अडकून राहू नका. डिशच्या सेट टॉप बॉक्सला जोडलेला टीव्ही एचडीएमआयने लॅपटॉपला लावलेला असतो, तोही लूप पूर्ण करतो.

१२. मिक्सरच्या किंवा चार्जरच्या प्लगची अर्थिंगची पिन कापली की हम्म जातो. कापून टाकू का?

नका कापू. लूप तुटतो हे खरं, पण सुरक्षाही तुटते, आणि त्या वस्तूत फेज उतरली तर ती तुमच्या ऑडिओ केबलच्या जाळीतून वाट काढते. वाटेत माईक आहे आणि माईक धरलेला माणूस आहे. लूप तोडायचा तो ऑडिओच्या केबलमध्ये, लाईटच्या केबलमध्ये कधीच नाही. त्यासाठी प्रश्न ११ मधला ट्रान्सफॉर्मर आहे.

१३. हे सगळं एका घरात क्रमाने कसं झालं, ते सांगाल का?

उदगीरकडच्या एका घरातलं सांगतो. हार्मोनियम आणि गळा, दोन माईक, दोन चॅनेलचा इंटरफेस, तीन पिनी चार्जरचा लॅपटॉप. गायक ताईंची तक्रार अशी की अभंगाच्या सुरुवातीच्या आलापातच भणभण ऐकू येते.

चार्जर लावून शांततेचा मीटर उणे ४६ डेसिबल होता, बॅटरीवर उणे ७१. म्हणजे वाट चार्जरचीच. इंटरफेसच्या धातूला हात लावला की किरकिर निम्मी होत होती, म्हणजे अर्थिंग नाही. भिंतीतल्या सॉकेटवर फेज ते अर्थिंग २२८ आलं, न्यूट्रल ते अर्थिंग २, म्हणजे घर ठीक. एक्स्टेंशन बोर्डावर मात्र ११७ आणि ११२. बोर्ड उघडला, तर आत अर्थिंगची तिन्ही सॉकेटं पितळी पट्टीने एकमेकांना व्यवस्थित जोडलेली, पण पट्टीतून बाहेर जाणारी तारच नाही. वायर दोन तारांची.

तीन तारांची वायर आणि तीन पिनी टॉप लावला. आकडा उणे ६३ झाला. अजून बॅटरीच्या पातळीला आला नव्हता, कारण एक माईक मोनो जॅकच्या केबलवर होता. ती केबल बदलल्यावर उणे ७०.

मग सवयीप्रमाणे मंडळाचा मिक्सर पुढच्या खोलीतल्या सॉकेटवर लावून इंटरफेसला जोडला, आणि जाड हम्म घेऊन आकडा उणे ५२ वर परत आला. हात लावून फरक नाही. मिक्सरचा प्लग लॅपटॉपच्याच बोर्डावर आणल्यावर उणे ६६. ट्रान्सफॉर्मर घ्यायचा विचार होता, पण हार्मोनियमच्या भात्याचा आवाजच त्याच्या वर होता, म्हणून तिथेच थांबलो. आधी वाट नव्हती, ती दिली. नंतर वाटा दोन झाल्या, त्यातला फरक मिटवला. हा क्रम उलटा केला असता, म्हणजे आधीच ट्रान्सफॉर्मर आणला असता, तर किरकिर जागची हलली नसती.

१४. भणभण नाही, पण बारीक शिट्टीसारखा आवाज येतो. माउस हलवला की तो बदलतो.

ही लाईटची तक्रार नाही. यूएसबीवर माहिती दर मिलिसेकंदाला, वेगवान जोडणीत त्याच्या आठव्या भागाला, ठोके देत जाते. तो कचरा आवाजात शिरला की १००० किंवा ८००० हर्ट्झची शिट्टी ऐकू येते, आणि स्पेक्ट्रममध्ये सुळके तिथेच दिसतात. इंटरफेस लॅपटॉपच्या दुसऱ्या बाजूच्या पोर्टवर लावून बघा, मधला हब काढा, केबल आखूड घ्या. इंटरफेसला स्वतःचा अ‍ॅडॉप्टर लावायची सोय असेल तर ती वापरून बघा.

यूएसबी आयसोलेटरबद्दलही विचारणा होते. तो लूप तोडतो, पण स्वस्तातले बहुतेक १२ मेगाबिटवरच चालतात आणि तुमचा इंटरफेस ४८० मेगाबिटचा असेल तर तो ओळखलाच जात नाही. शिवाय फॅन्टम पॉवरसाठी लागणारी वीज तो पुरवेल का, हेही बघावं लागतं. परत करता येईल अशा बोलीवरच घ्या.

१५. लाईट गेली आणि इन्व्हर्टरवर आलं की भणभण दुप्पट होते. का?

घरोघरीचे जुने इन्व्हर्टर साइन वेव्ह न देता चौकोनी लहर देतात. चौकोनी लहरीत ५० हर्ट्झच्या वरच्या पटी भरपूर असतात, आणि कपॅसिटर वरच्या फ्रिक्वेन्सीला जास्त वाट देतो. म्हणून तोच चार्जर इन्व्हर्टरवर जास्त झिरपतो. प्युअर साइन वेव्हच्या इन्व्हर्टरवर हा फरक फारसा पडत नाही. लोडशेडिंगच्या काळात सगळ्यात सोपं म्हणजे बॅटरी भरून ठेवायची आणि त्या वेळात लॅपटॉप बॅटरीवरच चालवायचा.

१६. झालेलं रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरने साफ होत नाही का?

थोडंफार होतं, आणि पुन्हा मिळणार नाही असं जुनं रेकॉर्डिंग असेल तर जरूर करा. पण भणभण ५० च्या पाढ्यात गळ्याच्या सगळ्या पट्ट्यांमध्ये पसरलेली असते. ती काढताना गळ्याचे आणि तंबोऱ्याचे सूरही खरवडले जातात आणि आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. पुढच्या रेकॉर्डिंगसाठी तो मार्ग धरू नका.

१७. बॅटरी १०० टक्के भरली की भणभणीचा पोत बदलतो. तुटक तुटक होते. हे वेगळं कारण आहे का?

कारण तेच, फक्त चार्जरची चाल बदललेली. बॅटरी भरली की चार्जरवरचा भार कमी होतो आणि तो सलग चालण्याऐवजी थोडा वेळ काम, थोडी विश्रांती असा झटक्याझटक्याने चालतो. त्या झटक्यांचा कचरा तुटक ऐकू येतो. अर्थिंग आणि केबल नीट असतील तर दोन्ही प्रकार ऐकू येत नाहीत. नीट असूनही येत असेल आणि चार्जर डुप्लिकेट असेल, तर मात्र संशय चार्जरवर घ्या, कारण अशा चार्जरमध्ये आतले फिल्टरचे भाग गाळलेले असू शकतात. ओळखीच्या कुणाकडून त्याच व्होल्टेजचा आणि तेवढ्याच किंवा जास्त वॅटचा मूळ कंपनीचा चार्जर तासभर मागून आणा, आणि प्रश्न २ मधली चाचणी दोन्ही चार्जरवर करा.